दोन गाण्यांमधलं सव्वा मिनिट

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या घरांतून व्हॉट्सॲपचे नवे ग्रुप निघायला लागतात. त्यातल्या एकाचं नाव हमखास 'संगीत' असतं. नाच कोणी बसवायचा, गाणं कुठलं, साड्या कुठल्या रंगाच्या यावर महिनाभर चर्चा होते. मग कधीतरी कोणीतरी लिहितं, "अँकरिंग तू कर ना, तू बरा बोलतोस." बाकीचे अंगठे दाखवतात आणि विषय संपतो. नाचणाऱ्यांना दीड महिन्याची तालीम मिळते, बोलणाऱ्याला आदली रात्र.

मागच्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या संगीताला हे काम माझ्याकडे आलं. बडोद्याचा पार्टी प्लॉट, मुलीकडचे आम्ही दांडिया बाजार-रावपुऱ्यातले मराठी, मुलाकडचे सुरतचे गुजराती, बारा कार्यक्रम आणि समोर तीनशे माणसं. तेव्हापासून तीन घरांनी माझ्याकडे 'ती स्क्रिप्ट' मागितली आहे. नुसती स्क्रिप्ट देऊन उपयोग नाही, कारण दुसऱ्याच्या मामांवरचा विनोद तुमच्या मामांना बसत नाही. म्हणून ती कशी लिहिली ते सांगतो, आणि मधले काही तुकडे देतो. नावं काढून टाकली आहेत, सगळे नात्यानेच येतील.

पहिल्यांदा घड्याळ. उघड्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम तसं सांगतात आणि पार्टी प्लॉटवाला ते बुकिंगच्या वेळीच ऐकवतो. पत्रिकेवर साडेसात लिहिलं तरी माणसं सव्वाआठला बसतात. म्हणजे आमच्या हातात 8:20 ते 9:50 अशी नव्वद मिनिटं. बारा कार्यक्रम, प्रत्येकी सरासरी साडेतीन मिनिटं, झाली बेचाळीस. उखाण्यांचा खेळ दहा मिनिटं, लहानपणीच्या फोटोंची फिल्म आठ. प्रत्येक कार्यक्रमाआधी सव्वा मिनिट बोललो तर त्याची पंधरा. बेरीज पंचाहत्तर. उरलेली पंधरा मिनिटं सांडण्यासाठी. ती सांडतातच.

तर सव्वा मिनिट. मी घरी मोबाइल लावून वाचून पाहिलं. लोक हसण्यासाठी थांबायचं धरलं तर मिनिटाला शंभर शब्द होतात. म्हणजे एका निवेदनाला सव्वाशे शब्द, पोस्टकार्डाची एक बाजू. पण हा आकडा सगळीकडे सारखा वापरायचा नाही. त्या वेळात मागे स्टेजवर काय चाललंय, त्यावर निवेदनाची लांबी ठरते. दोन मुलं धावत येऊन उभी राहणार असतील तर वीस सेकंद पुष्कळ. नऊवारीतल्या आठ जणी सहा पायऱ्या चढून रांगेत उभ्या राहायला मिनिटाच्या वर लागतं. म्हणून मी आधी कार्यक्रमांची यादी घेतली, प्रत्येकासमोर 'स्टेजवर यायला किती वेळ' ते लिहिलं, आणि तेवढंच बोलणं लिहिलं. निवेदन म्हणजे खरं तर चालून येण्याच्या वेळावर घातलेलं पांघरूण आहे.

यादीचा क्रमही तिथेच ठरला. आजोबांचं नाट्यपद सगळ्यात पहिलं, कारण पेटी, तबला, आजोबांची खुर्ची आणि दोन माइक हे सगळं लोक येण्याआधी मांडून ठेवता येतं. मध्येच आणलं तर मांडामांडीत चार मिनिटं जातात आणि तेवढं बोलायला माझ्याकडे काही नाही. त्यानंतर लगेच लहान मुलं. नऊनंतर ती झोपतात किंवा रडतात. नऊवारीतल्या आठ जणींपैकी तिघी शेवटच्या गरब्यातही होत्या. नऊवारी सोडून चणियाचोळी घालायला वीस मिनिटं लागतात असं त्या म्हणाल्या, मी तीस धरली, आणि त्यांचा पहिला नाच चौथा तर गरबा बारावा ठेवला. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. मावशी याला 'साड्यांचा गोंधळ' म्हणते.

निवेदक आम्ही दोघं होतो, मी आणि मुलाची बहीण. ती गुजरातीत बोलणार, मी मराठीत. सुरुवात अशी केली (तिची वाक्यं इथे मराठीत देतोय):

मी: "नमस्कार, जय श्रीकृष्ण. आज सकाळी मुलाकडच्या फोईंनी मला विचारलं, 'नवरो छे?' मी म्हटलं, हो, तो काय तिकडे, शेरवानीची बटणं लावतोय. त्या म्हणाल्या, 'अरे, हुं तने पूछुं छुं, तुं नवरो छे?'"

ती: "आमच्याकडे नवरो म्हणजे ज्याला काही काम नाही तो. तुमच्याकडे नवरा म्हणजे पती. या दोन शब्दांत फरक आहे की नाही, ते उद्यापासून वहिनी ठरवतील."

हा विनोद बडोद्याच्या मराठी घरांना नवीन नाही, आणि नवीन नव्हता म्हणूनच तो पहिला ठेवला. दोन्ही बाजू एकाच क्षणी हसल्या. पुढच्या सगळ्या विनोदांसाठी मी हीच अट ठेवली: हसू ज्या शब्दावर येतं तो शब्द दोन्हीकडे कळला पाहिजे. गोष्ट मराठीत सांगा, पण शेवट मामा, फुवा, गाठिया, स्कूटर, गुडघा अशा कशावर तरी करा. अर्धा मांडव हसतोय आणि अर्धा शेजाऱ्याला 'शुं कह्युं?' विचारतोय, असं झालं की त्या अर्ध्या मांडवाला वाटतं, हसू आपल्यावरच होतं.

आता आजोबा. वय 82, आवाज अजून खणखणीत, आणि 'एकच पद म्हणतो' हे वाक्य आम्ही पन्नास वेळा ऐकलेलं. त्यांच्या हातून माइक कोण काढून घेणार? कोणीही नाही. आम्ही तबल्यावरच्या काकांशी बोलून ठेवलं. चार मिनिटं झाली की त्यांनी एक जोरदार तिहाई घ्यायची. ठेका तीनदा घोळवून समेवर आदळला की मांडव टाळ्या वाजवतोच, आणि टाळ्या पडल्यावर गाणारा माणूस हात जोडतो. तसंच झालं. त्यानंतरचं निवेदन:

"आजोबा गेली चाळीस वर्षं 'फक्त एकच पद म्हणतो' असं सांगत आले आहेत. आज ते पहिल्यांदा खरं झालं. याचं श्रेय तबल्याला. आजोबा, दुसरं पद उद्या पंगतीत, तिथे माइक नाही आणि वेळेचं बंधन पण नाही. आता जे येतायत त्यांचं उलट आहे. त्यांना थांब म्हटलं की ते पळतात, नाच म्हटलं की उभे राहतात, आणि त्यांच्या आया समोर बसून त्यांच्यापेक्षा जास्त नाचतात. टाळ्या आयांसाठी पण ठेवा. आमची बालसेना!"

इथे एक गोष्ट पाहा. कोण येतंय ते अगदी शेवटी सांगितलं आहे. आपल्याला सवय असते सुरुवातीलाच नाव घ्यायची, 'आता येत आहेत आपले लाडके मामा, ज्यांच्याबद्दल सांगायचं तर...' पण नाव ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात, मामा चालायला लागतात, साउंडवाला बटण दाबतो, आणि तुमचा विनोद त्या आवाजात बुडतो. नाव हा शेवटचा शब्द. त्यानंतर निवेदकाने काही म्हणजे काही बोलायचं नाही, 'जोरदार टाळ्या' सुद्धा नाही.

हा शेवटचा शब्द लोकांइतकाच साउंडवाल्यासाठी असतो. त्याला सबंध स्क्रिप्ट देऊ नका, तो वाचणार नाही. त्याला एक कागद द्यायचा: डावीकडे तुमचे शेवटचे चार शब्द, उजवीकडे फाइलचं नाव. आणि फाइलला क्रमांक हवा, `07_mama_group.mp3` असा. 'Final', 'final new', 'final new 2' अशा तीन फाइली पेन ड्राइव्हवर असल्या की चुकीचीच वाजते. कागदावर आणखी एक रकाना आम्ही केला: नाचणारे गाण्यावर येतात की उभे राहून गाणं सुरू होतं. बालसेना गाण्यावर येते, तिथे नाव पडताच बटण. आठ जणी आधी जागा घेतात, मग टोकाची मामी हात वर करते, तेव्हा बटण. एवढं लिहिलेलं नसलं की गाण्याचं पहिलं कडवं पायऱ्यांवर संपतं. तेच सगळं एका फोनवरही ठेवलं होतं, आणि तो फोन विमान मोडवर. नाहीतर नाचाच्या ऐन मध्यात केटरिंगवाल्याचा फोन तीनशे माणसांना ऐकू येतो.

मामांचं निवेदन लिहिताना मी मामींना फोन केला. ज्याच्यावर विनोद करायचा त्याला विचारलं तर तो 'काहीही बोल रे' म्हणतो, त्याचा उपयोग नसतो. त्याच्या घरातल्या माणसाला विचारायचं: यावरून तुम्ही घरी त्यांना चिडवता का? मामी म्हणाल्या, "नाचावरून बोल, ते स्वतःच हसतात. पोटावरून नको. साखर निघाल्यापासून घाबरलेत ते." मला हे माहीतच नव्हतं, आणि कागदावर पोटाचं एक वाक्य होतं. ते गेलं. राहिलं ते असं:

"मामांना एक स्टेप येते. 1994 साली ते ती शिकले आणि आजवर बदललेली नाही. गणपतीच्या मिरवणुकीत तीच, नवरात्रात तीच, माझ्या बारशात पण तीच असणार, मी झोपलो होतो. आज कोरिओग्राफरने त्यांना दुसरी शिकवली आहे. दोन्हीपैकी कुठली दिसते ते बघू. मोठे मामा आणि मंडळी!"

मामांनी आधी जुनीच स्टेप करून दाखवली, माझ्याकडे बघून. त्यांना उत्तर देता आलं. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. ज्या चिमट्याला समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, तो चिमटा चांगला. स्टेपवर बोललात तर तो नाचून दाखवेल, घोरण्यावर बोललात तर डोळे मिटून दाखवेल. माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टी, सवयी, हट्ट, यांना उत्तर असतं. रंग, उंची, केस, पगार, मूल न होणं, लग्न न होणं, याला उत्तर नसतं.

हे एवढ्या विस्ताराने लिहायचं कारण ताई. नवऱ्या मुलीची मोठी बहीण, वय 34, लग्न केलेलं नाही. एका काकांनी मला तीनदा सुचवलं की तिच्या नाचाआधी 'आता पुढचा नंबर कोणाचा' हे घे, सगळे हसतात. हसतात हे खरं. आपल्याकडे प्रत्येक लग्नात कोणीतरी ते म्हणतंच. पण विचार करा, माइकवर हे वाक्य आलं की तिने काय करायचं? हसली तर कबुली दिल्यासारखं, नाही हसली तर 'मनाला लावून घेतलं'. तीनशे माणसं तिच्याकडे वळणार, सुरतेची मंडळी शेजारी विचारणार, आणि दोन मिनिटांनी तिने बहिणीबरोबर हसतमुखाने नाचायचं. शिवाय ते सगळं व्हिडिओत राहणार आणि ग्रुपवर फिरणार.

काका म्हणाले, "अरे, पूर्वी विहिणी एकमेकींची गाण्यातून काय चेष्टा करायच्या, कोणी रागावत नसे." बरोबर आहे. आपल्याकडे विहिणींची गाणी होती, गुजरातेत अजून फटाणां म्हणतात, व्याह्यांना यथेच्छ नावं ठेवणारी. पण ते दहा बायका मिळून म्हणत, शब्द ठरलेले, आणि समोरच्या दहा जणी गाण्यातच परत देत. विहीण म्हणून चेष्टा व्हायची, अमकीची मुलगी म्हणून नाही. माइक एकाच्या हातात असतो आणि समोरच्याच्या हातात नसतो. म्हणून आम्ही दोघा निवेदकांनी एक नियम केला: मी फक्त मुलीकडच्यांना चिमटे काढायचे, तिने फक्त मुलाकडच्यांना. तिच्या फुवांची कंजूषी तिनेच सांगितली. मी सांगितली असती तर त्याचा दुसऱ्या दिवशी मानपान झाला असता. दोन्हीकडचे चिमटे मोजलेही, सहा आणि सहा, नाहीतर जास्त चेष्टा झालेली बाजू 'आम्हालाच का' म्हणते आणि कमी झालेली 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणते.

ताईसाठी हे लिहिलं:

"गेले सहा आठवडे रोज रात्री साडेनऊला आमच्या घरातल्या बावीस माणसांना एक व्हिडिओ कॉल येत होता. जो उचलत नसे त्याला सकाळी सातला दुसरा येत असे. ही बाई फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे 'गुडघा दुखतो' ही सबब तिच्यापुढे चालत नाही. ती विचारते, कुठला, कुठल्या बाजूने, आणि मग त्याच गुडघ्याचा व्यायाम लावून देते. आज संध्याकाळपासून मुलीकडचे जेवढे पाय या स्टेजवर हलले, ते सगळे तिने हलवलेत. आता तिला कोणाला काही शिकवायचं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये या दोघी शेवटच्या एकत्र नाचल्या होत्या, आणि धाकटी मध्येच स्टेप विसरून ताईकडे बघत उभी राहिली होती. आज बघू कोण कोणाकडे बघतंय. ताई आणि आपली नवरी!"

ताईने स्टेजवरून मला बोट दाखवून दरडावलं. बावीस जणांनी शिट्ट्या मारल्या. मावशी रडली, पण ती फोटोंच्या फिल्मलाही रडली होती, तेव्हा ते धरत नाही.

काकांचं काय? ज्याला माइक हवाय त्याला काम द्यावं लागतं, नाहीतर तो तो घेतोच. आम्ही त्यांना उखाण्यांच्या खेळाचे परीक्षक केलं. दहा मिनिटं गुण देत होते, खूश होते. दुसरा माइक मात्र साउंडवाल्याच्या टेबलावर बंद ठेवला होता, आणि तो फक्त आमच्या दोघांच्या हातात द्यायचा हे त्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं होतं.

चिमटा जास्त बसला हे स्टेजवरून ओळखता येतं. विनोद जमला तर लोक तुमच्याकडे बघून हसतात. बिघडला तर ते आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात, तो हसतोय का ते पाहायला, आणि हसू एक क्षण उशिरा येतं. असं दिसलं की तिथेच थांबायचं. 'गंमत केली हां' म्हणत समजूत घालायला गेलात तर ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही येतं. सरळ पुढचं नाव घ्यायचं आणि गाणं लावू द्यायचं. बोलायचं असेल ते नंतर खाली उतरून, माइकशिवाय.

आणि गाणं लागलंच नाही तर? आमच्याकडे नवव्या कार्यक्रमाला लागलं नाही. त्यासाठी दोन निवेदनं जास्तीची लिहून खिशात ठेवायची, कोणत्याही कार्यक्रमाशी संबंध नसलेली. माझं एक होतं बडोदेकरांच्या पत्ता सांगण्याच्या पद्धतीवर, 'मांडवीकडून सरळ या, मग कोणालाही विचारा'. चाळीस सेकंद. साउंडवाल्याने अंगठा दाखवेपर्यंत पुरलं. दुसरं खिशातच राहिलं, ते पुढच्या लग्नाला वापरेन.

शेवटचं निवेदन मुलाच्या बहिणीचं होतं, गरब्याचं. घड्याळात 9:44. ते सगळ्यात छोटं ठेवलं, कारण गरब्याला कोणी प्रेक्षक नसतो, माणसं खुर्च्यांतून उठूनच येतात. ती म्हणाली, "आतापर्यंत तुम्ही बसला होतात आणि ते नाचत होते. मराठी मंडळींनो, टाळ्या दोन नाही, तीन. चुकलात तर शेजारचा सांगेल, त्यासाठीच आम्ही सुरतहून आलो आहोत. चालो!"

या सगळ्यात एक वाक्य आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आणि गरबा पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही म्हणू दिलं नाही, केटरिंगवाला दोनदा खुणा करून गेला तरी. ते वाक्य म्हणजे 'जेवण तयार आहे'. ते एकदा माइकवरून गेलं की नवरानवरीचा नाच बघायला सुद्धा फक्त त्यांचे आईवडील आणि फोटोग्राफर उरतात.